दिवाळीत उरलेला माल विकायची जाहिरात: ब्रँडची किंमत न घालवता कशी लिहावी

भाऊबीज झाली की दादरच्या रानडे रोडपासून पार्ल्यापर्यंत काचांवर लाल कागद चिकटू लागतात: ‘दिवाळी धमाका, ५० टक्क्यांपर्यंत सूट, त्वरा करा’. आठ दिवसांपूर्वी त्याच काचेमागे तीच साडी पूर्ण किमतीला, दिव्यांच्या माळेखाली मांडलेली असते. धनत्रयोदशीला ती घेऊन गेलेली बाई तो कागद वाचते आणि पुढच्या वर्षी भाऊबीज उलटेपर्यंत थांबते. लहान ब्रँडना ‘सूट मोठ्या अक्षरात लिहा, घाई निर्माण करा’ असा सल्ला देणाऱ्यांना हे दिसत नाही. म्हणून मी लिहिते ती पद्धत सांगते. उदाहरणाला समजा दादरचं एक छोटं दुकान आहे, स्वतःच्या नावाने महेश्वरी साड्या विणून घेणारं, आणि त्यांच्याकडे दिवाळीच्या चाळीसेक साड्या उरल्या आहेत.

आधी माल वेगळा करा. उरलेलं सगळं स्वस्त करायचं नसतं. काळी साडी बाजूला काढा, ती संक्रांतीला पूर्ण किमतीत जाते. साधे, कोणत्याही दिवशी नेसता येतील असे रंग नेहमीच्या कपाटात ठेवा. ज्यांच्यावर दिवाळीचा शिक्का स्पष्ट आहे किंवा जे पुन्हा विणून घेणार नाही, तेवढेच जाहिरातीत येतील. आपल्या उदाहरणात अशा १४ निघाल्या: नऊ राखाडी, पाच मोरपंखी.

मग तारीख. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कधीच नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा. २०२५मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती आणि तुळशीची लग्नं २ नोव्हेंबरपासून होती, म्हणजे मध्ये दहा दिवस मिळाले. तेवढ्यात दिवाळीच्या खरेदीतली अदलाबदल उरकते, आणि लग्नसराई सुरू झाल्याने साडीला नवं निमित्त मिळतं.

आता कारणाचं वाक्य. इथे मी बराच काळ अडायचे. बाकी सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, पण किंमत कमी का केली हे सांगणारं एक वाक्य जमलं नाही तर पुढे कितीही सुंदर लिहा, वाचणारी स्वतःच कारण शोधते. तिला सुचणारी कारणं ठरलेली असतात: कुणाला आवडली नसेल, काहीतरी डाग असेल, किंवा आधीची किंमत फुगवलेली होती.

नेहमी लिहिली जाणारी कारणं का चालत नाहीत ते बघा. ‘ग्राहकांच्या प्रेमाखातर’ हे कारणच नाही. ‘गोदाम रिकामं करायचंय’ यात अडचण दुकानदाराची दिसते, आणि अडलेल्या माणसाशी घासाघीस करावी हे मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही. ‘सणाची खास भेट’ लिहिलं तर पूर्ण किमतीत घेणारीला भेट का नव्हती, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

चालणारं कारण मालात असतं, खरं असतं, आणि शेजारच्या पूर्ण किमतीच्या साडीला लागू पडत नाही. माझा पहिला खर्डा साधारण असा असतो:

‘दिवाळीसाठी विणून घेतलेल्या महेश्वरींपैकी १४ उरल्या आहेत. लाल आणि मोतिया धनत्रयोदशीआधीच संपल्या. राखाडी आणि मोरपंखी हे रंग आम्ही पुन्हा विणून घेणार नाही.’

यातलं मधलं वाक्य खोडा. लाल संपल्या हे खरं असलं तरी ते छापलं की राखाडी म्हणजे इतरांनी नाकारलेली, असा अर्थ लागतो. त्या जागी ही साडी कशी दिसते ते लिहा. महेश्वरीला साधारणपणे रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो, त्यामुळे ती हलकी पडते, दिवसभर अंगावर जड होत नाही. लग्नघरात धावपळ करणारीला हे हवंच असतं. दुसरा खर्डा:

‘दिवाळीसाठी विणून घेतलेल्या महेश्वरींपैकी १४ उरल्या आहेत: नऊ राखाडी, पाच मोरपंखी. हे दोन रंग पुन्हा विणून घेणार नाही, म्हणून ३,२०० ऐवजी २,५६० रुपयांना देत आहोत. वजनाला हलकी, जरीचे काठ बारीक. सीमांतपूजनापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत नेसून वावरता येईल अशी. ३० नोव्हेंबरपर्यंत, दादरच्या दुकानात. फॉल-पिको नेहमीप्रमाणे आमच्याकडून.’

हे रंग खरंच पुन्हा विणणार नसाल तरच असं लिहा. फेब्रुवारीत तोच राखाडी काचेत दिसला तर नियमित ग्राहक ओळखतात. कारण नुसतं ‘जास्त मागवल्या’ एवढंच असेल तर ‘या वर्षी आम्ही थोड्या जास्त विणून घेतल्या’ असं सरळ लिहा. त्याने कमीपणा येत नाही.

आता माझी सगळ्यात ठाम सूचना. ‘आहेरासाठी उत्तम’ हे लिहू नका, दुकानमालकाने कितीही आग्रह केला तरी. लग्नसराईत तो मोह होतोच, कारण त्याने दहा साड्या एकगठ्ठा जातात. पण आपल्याकडे ‘देण्याघेण्याची साडी’ हा एक वेगळा कप्पा आहे, आणि त्यात एकदा नाव पडलं की बाई त्या ब्रँडची साडी स्वतःला घेत नाही, नणंदेच्या सासूला देण्यासाठी घेते. सवलतीपेक्षा हे नुकसान मोठं असतं आणि पुढच्या दिवाळीतच कळतं. म्हणून जाहिरातीत नेसणारी बाई दिसली पाहिजे, देणारी नाही.

किंमत. रुपयांत लिहा, टक्क्यांत नको. जुनी किंमत तीच, जिला साडी खरोखर विकली होती. वीस टक्क्यांच्या खाली-वर राहा. अर्धी किंमत केली की आधीची खोटी वाटते. ‘पर्यंत’ हा शब्द पूर्ण टाळा. उलट नगांची संख्या नक्की लिहा. खोटी घाई दाखवणं २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैर आहे, त्यामुळे ऑनलाइन ‘फक्त २ शिल्लक’ लिहाल तर दोनच शिल्लक असायला हव्यात.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ काढा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेलं आहे, आणि ती ओळ वाचून माल सदोष असावा असंच वाटतं. अदलाबदल, पिशवी, फॉल-पिको सगळं पूर्ण किमतीच्या साडीसारखंच ठेवा.

कुठे लावायची. आधी जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर, एका साडीच्या दिवसाच्या उजेडातल्या फोटोसह. दोन दिवसांनी दुकानात, आतल्या बाजूला, नेहमीच्याच अक्षरात आणि नेहमीच्याच रंगाच्या कार्डावर. काचेवर काही नाही.

मजकूर जमला की नाही हे पहिल्या फोनवरून कळतं. ‘मोरपंखी हिरव्याकडे झुकतो की निळ्याकडे?’ असं विचारलं तर ठीक चाललंय. ‘अजून किती कमी कराल?’ असे फोन लागोपाठ आले तर कारणाचं वाक्य पुन्हा लिहा, किंमत हलवू नका.

ही पद्धत थोड्या नगांची आहे. पाचशे साड्या उरल्या असतील तर मजकुराने सुटणारा प्रश्न तो नाही; विणकराला दिलेली ऑर्डरच मोठी होती.

३० नोव्हेंबरच्या रात्री कार्ड काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सवलत संपली’ लिहा, तीन साड्या उरल्या असल्या तरी. त्या तिनांवर दुसऱ्यांदा सूट द्यायची नाही. त्यांच्या पोटल्या शिवून घ्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पूर्ण किमतीत विका.