चहातली साखर बंद केली, तरी जेवणानंतरची साखर उतरत नाही? या चुका टाळा

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचं पहिलं वाक्य एकच असतं: "मॅडम, साखर तर कधीच बंद केली." ते खरंही असतं. तरी रिपोर्टमधला जेवणानंतरचा आकडा हलत नाही आणि घरात संशयाची नजर फिरायला लागते. काकांनी गुपचूप पेढा खाल्ला असेल का? बहुतेक वेळा खाल्लेला नसतो.

अशाच एका पाच जणांच्या घराचं उदाहरण घेते. काका 58 वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्यांपैकी फक्त मेटफॉर्मिनवर. त्यांना मी तीन दिवस वही ठेवायला सांगितली: खाण्याच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजायचं. दुपारचे आणि रात्रीचे आकडे खाण्याआधी 145 ते 150 आणि नंतर 190 ते 198. नाश्त्याला मात्र आधी 124 आणि दोन तासांनी 241! म्हणजे अडचण दिवसभर पसरलेली नव्हती. ती सकाळी साडेआठच्या बशीत होती.

बशीत काय होतं? बटाटेपोहे, बिनसाखरेचा चहा आणि चार मारी बिस्किटं. काकू पोहे मुठीने घ्यायच्या. त्या दिवशी मोजायला लावले तर पाच जणांना 400 ग्रॅम निघाले, म्हणजे माणशी 80 ग्रॅम कोरडे पोहे. त्यात साधारण 61 ग्रॅम कर्बोदकं. वाट्याला आलेल्या बटाट्याची 8, बिस्किटांची 17, चहातल्या दुधाची 5. बेरीज 90 च्या पुढे. चहातली दोन चमचे साखर बंद करून गेले होते 10 ग्रॅम.

इथे कुणाचाच दोष नाही. साखर गोड लागते म्हणून डोळ्यावर येते, पोहे गोड लागत नाहीत. पोटात गेल्यावर मात्र पिष्टाचं ग्लुकोजच होतं आणि पोह्यांचं ते लवकर होतं.

आम्ही पोहे बंद केले नाहीत. सगळ्यांसाठी मिळून 400 चे 250 ग्रॅम केले, बटाटा काढला, दोन वाट्या मोडाची मटकी वाफवून घातली, शेंगदाणे वाढवले आणि वर कांदा-खोबरं-कोथिंबीर तशीच ठेवली. कढईत पोहे कमी झाले तरी बशी भरलेलीच दिसते, हे महत्त्वाचं. अर्धी बशी समोर आली की माणूस अकरा वाजता डबे उघडतो. बिस्किटं गेली. नवी बेरीज 55 च्या आसपास. त्या आठवड्यात दोन तासांनंतरचे आकडे 180 च्या आगेमागे आले. नंतर त्यांनी नाश्त्याआधी काकडी-टोमॅटोची एक वाटी आणि नाश्त्यानंतर सोसायटीत पंधरा मिनिटं चालणं जोडलं, तेव्हा 170 च्या घरात. (भाजी, उसळ आधी आणि भात-पोळी नंतर, या क्रमाने साखरेचा चढ कमी होतो. पैसा लागत नाही, वेगळा स्वयंपाकही नाही.)

जेवणानंतर दोन तासांनी 180 च्या आत, हे बहुतेक मोठ्या माणसांसाठी धरलं जाणारं लक्ष्य आहे. खूप वय झालेल्यांना किंवा इतर आजार असलेल्यांना डॉक्टर ते सैल ठेवतात, तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्याशी स्पर्धा नको.

मोजण्यातच होणाऱ्या चुका

जेवण संपल्यापासून दोन तास मोजणारे पुष्कळ. गप्पा मारत जेवलं तर अर्धा तास तिथेच जातो आणि आकडा उगाच कमी दिसतो. आंबा कापून तशाच बोटाने टोचलं तर उलट होतं, फळाची साखर पट्टीवर जाते. साबणाने हात धुऊन कोरडे करा. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा, कारण दमटपणाने पट्ट्या खराब होतात; कोकणात पावसाळ्यात तर हे हमखास.

आणखी एक प्रेमळ चूक. लॅबमध्ये जायच्या दिवशी घरात "आज साधंच जेवा" असं होतं. मग रिपोर्ट सुंदर येतो, पण तो त्या एका साध्या जेवणाचा असतो. रोजचं जेवूनच तपासायला जा.

"चालतं" म्हणून किती?

डॉक्टरांनी पोळीऐवजी भाकरी सांगितली, की तिला मोजमाप उरत नाही. ज्वारीच्या भाकरीत चोथा असतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, ती चांगलीच. पण हातावर थापलेल्या एका भाकरीला 60 ते 80 ग्रॅम पीठ लागतं, घडीच्या छोट्या पोळीला 25 ते 30. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या म्हणजे दुपटीहून जास्त पीठ झालं. एक भाकरी, भरपूर पालेभाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, एवढं पुरतं. भात हवाच असेल तर भाकरी अर्धी.

गुळाचं थोडक्यात: तो साखरेचाच भाऊ. मध आणि खजूरही मोजूनच. "शुगर फ्री" बिस्किटात मैदा किंवा दुसरं पीठ असतंच.

काकांसाठी वेगळं पातेलं लावणं मात्र सोडाच. एकट्याच्या पानात दुधी आणि समोर मुलांच्या पानात बटाट्याची भाजी, हे फार दिवस टिकत नाही आणि काकूंचं काम दुप्पट होतं ते वेगळंच. मटकीपोहे त्या घरात टिकले कारण नातवंडंही तेच खातात.

उपवासाच्या दिवशी

ही चूक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. दिवसभर निरंकार आणि रात्री ताटभर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे रात्री साखर उडी मारते. पण धोका त्याआधी दुपारीच असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. म्हणून उपवासच नव्हे, पोळी-भात एकदम कमी करायचा झाला तरी आधी डॉक्टरांशी बोलून औषधाचा डोस ठरवून घ्या. उपवास करायचाच असेल तर दही, काकडीची दाण्याची कोशिंबीर, राजगिऱ्याची छोटी भाकरी असं दोन-तीनदा विभागून खा. वरी हलकी वाटते, पण तीही पिष्टच, वाटीने मोजा.

घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर "उपवास मोडेल" हा विचार नको. शक्य असेल तर मोजा, मीटर जवळ नसेल तर थांबू नका. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या, आणि साखर वर आली की काहीतरी खायला द्या. साधी साखरही चालते, पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर ती पचायला उशीर होतो, तिथे ग्लुकोजच हवं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. त्या काकूंनी ग्लुकोजचा छोटा डबा चहापत्तीशेजारी ठेवलाय आणि त्यावर नातीच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "आजोबांचा. सरबतासाठी घेऊ नये."