वेध आणि राशी पोरुत्तम पाहताना या चुका टाळा

माझ्या भाचीला चेन्नईचे एक स्थळ आले, तेव्हा मुलाच्या पत्रिकेची झेरॉक्स माझ्याकडे आली. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदीचे डाग होते, मध्ये दोन चौकोनी कुंडल्या होत्या आणि नक्षत्राच्या जागी तमिळमध्ये लिहिलेले नाव कोणीतरी वरून पेन्सिलीने देवनागरीत ‘उत्तिर.’ असे उतरवले होते. भाचीचे नक्षत्र पुनर्वसू, दुसरा चरण, रास मिथुन. घरातल्या एका जाणत्या नातेवाईकांनी ‘उत्तिर.’ म्हणजे उत्तराषाढा असे धरून हिशेब केला आणि वेध आहे, रास आठवी येते, रज्जूही एकच आहे, असे सांगून स्थळ जवळजवळ बाद केले. तो हिशेब आकडेमोडीत बरोबर होता, पण ज्या नक्षत्रावर उभा होता ते नक्षत्रच चुकीचे होते. महाराष्ट्रात गुणमेलन पाहण्याची सवय असलेली माणसे तमिळ पद्धतीकडे वळतात तेव्हा ज्या चुका वारंवार होतात, त्यांतल्या बहुतेक या एका प्रकरणात मला भेटल्या, म्हणून ते तपशिलाने सांगतो.

तमिळ परंपरेत दहा पोरुत्तम पाहतात: दिन, गण, महेंद्र, स्त्रीदीर्घ, योनी, राशी, राश्यधिपती, वश्य, रज्जू आणि वेध. पोरुत्तम म्हणजे जुळणी. वेध हा फक्त दोन जन्मनक्षत्रांमधला संबंध आहे. काही नक्षत्रे एकमेकांना ‘वेधतात’, म्हणजे आडवी येतात, आणि अशा जोडप्याच्या वाटेत पीडा व अडथळे येतात असे परंपरा मानते. राशी पोरुत्तम दोन चंद्रराशींमधले अंतर मोजते आणि त्या अंतरावरून संसारातले सुख, संपन्नता, संतती यांना बाधा येईल की नाही हे सांगते. दोन्हींचा विषय अडथळाच आहे, पण वेधाला दिशा नसते आणि राशीला असते. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढचे सगळे घोटाळे होतात.

‘वेध आहे’ याचा अर्थ उलटा लावणे

तमिळ पत्रिका जुळवणीच्या कागदावर दहा ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे ‘उंडु’ किंवा ‘इल्लै’ लिहिलेले असते, म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’. वेधाच्या ओळीपुढे ‘उंडु’ दिसले की मराठी माणूस दचकतो, कारण आपल्या कानाला वेध म्हणजे ग्रहणाचे वेध, म्हणजे काहीतरी अशुभ. प्रत्यक्षात त्या ओळीचा अर्थ बहुधा ‘वेध पोरुत्तम आहे’, म्हणजे वेध नाही, असा असतो. मात्र काही जण त्याच जागी दोषाचे अस्तित्व लिहितात, म्हणून शब्दावर विसंबू नये, नक्षत्रे घेऊन स्वतः ताळा करावा. पंचांगात विवाहमुहूर्तासाठी पाहिला जाणारा पंचशलाका वेध हाही वेगळाच विषय आहे. त्यात मुहूर्ताच्या दिवसाचे नक्षत्र आणि ग्रहांची स्थिती पाहतात, वधूवरांची जन्मनक्षत्रे एकमेकांशी ताडत नाहीत.

ताळा करण्यासाठी वेधाच्या जोड्या अशा आहेत: अश्विनी व ज्येष्ठा, भरणी व अनुराधा, कृत्तिका व विशाखा, रोहिणी व स्वाती, आर्द्रा व श्रवण, पुनर्वसू व उत्तराषाढा, पुष्य व पूर्वाषाढा, आश्लेषा व मूळ, मघा व रेवती, पूर्वा फाल्गुनी व उत्तरा भाद्रपदा, उत्तरा फाल्गुनी व पूर्वा भाद्रपदा, हस्त व शततारका. मृग, चित्रा आणि धनिष्ठा या तिघांचा गट आहे आणि त्यांतली कोणतीही दोन एकमेकांना वेधतात. हा गट छापताना नेमका एक सदस्य गळतो, आणि मग धनिष्ठेला वेधच नाही असे लोक समजतात.

तक्ता बरोबर आहे का हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. अश्विनीला 1 धरून रेवतीपर्यंत 27 क्रमांक द्या. खऱ्या वेधजोडीतल्या दोन क्रमांकांची बेरीज 19, 28 किंवा 37 यांपैकीच येते. तक्त्यात वेगळी बेरीज येणारी जोडी दिसली तर ती छपाईची चूक समजावी. उलट मात्र खरे नाही. पुनर्वसू 7 आणि उत्तरा फाल्गुनी 12 यांची बेरीज 19 होते, तरी त्यांच्यात वेध नाही.

एकच दोष दोनदा मोजणे

रज्जू म्हणजे शरीराच्या भागांच्या नावाने केलेले नक्षत्रांचे गट. वरच्या जोड्या रज्जूच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या तर एक गोष्ट लगेच दिसते, आणि ती फारसे कोणी सांगत नाही. वेधातली प्रत्येक जोडी एकाच रज्जूत येते. अश्विनी आणि ज्येष्ठा दोन्ही पादरज्जूत, पुनर्वसू आणि उत्तराषाढा दोन्ही नाभिरज्जूत, मृग, चित्रा आणि धनिष्ठा तिन्ही शिरोरज्जूत. म्हणून ‘वेधही आहे आणि रज्जूही एकच आहे, दोन मोठे दोष निघाले’ असे म्हणणे म्हणजे एकाच कारणाची दोन नावे घेऊन घाबरणे होय.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. कोणाच्या कागदावर वेधदोष दाखवला असेल आणि रज्जू मात्र वेगळी दाखवली असेल, तर नक्षत्र चुकलेले आहे किंवा तक्ता चुकलेला आहे. याला एकच अपवाद संभवतो. काही ज्योतिषी रज्जूचे आरोह आणि अवरोह असे दोन भाग करतात आणि दोघे वेगवेगळ्या भागांत असले तर रज्जू चालते असे मानतात. शिरोरज्जूचा गट सोडला तर वेधातल्या जोड्या नेमक्या अशाच, म्हणजे एक आरोहातले आणि एक अवरोहातले नक्षत्र, अशा असतात. त्यामुळे ज्या जोड्या रज्जूच्या सवलतीतून सुटतात, त्यांतल्या काही वेधाच्या तपासणीत अडकतात. माझ्या मते परंपरेने वेध स्वतंत्र ठेवला त्याला अर्थ आहे तो इथे.

आपल्याकडे नाडी पाहिली की झाले, असे समजणाऱ्यांसाठीही एक सूचना. बहुतेक वेधजोड्यांची नाडी एकच असल्यामुळे त्या एकनाडीत सापडतात, पण आर्द्रा व श्रवण, पुनर्वसू व उत्तराषाढा, आश्लेषा व मूळ या तीन जोड्यांची नाडी वेगळी आहे. तिथे मराठी गुणमेलनात नाडीचे आठही गुण मिळतात आणि तमिळ कुटुंब मात्र वेधावर अडून बसते. दोघेही आपापल्या पद्धतीने बरोबर असतात.

राशी उलट्या बाजूने मोजणे

अष्टकूटात राशीकूट दोन्ही बाजूंनी सारखे असते. षडाष्टक, नवपंचम किंवा द्विर्द्वादश असले की सात गुण जातात, मग कोणाची रास कोणापासून मोजली याने फरक पडत नाही. ही सवय घेऊन राशी पोरुत्तम पाहिले तर उत्तर हमखास चुकते. इथे मुलीच्या राशीपासून, तिलाच एक धरून, मुलाच्या राशीपर्यंत मोजायचे. मुलाची रास दुसरी ते सहावी आली तर ती प्रतिकूल मानतात, सातवी आली तर उत्तम, आणि नववी ते बारावी आली तर अनुकूल. आठव्या स्थानाबाबत परंपरांत मतभेद आहेत. दोघांची रास एकच असेल तर नक्षत्रे वेगळी असावीत अशी अट घालतात.

परंपरा प्रत्येक अंतराला वेगळे फळ सांगते, आणि ते फळ दिशा बदलली की उलटते. मुलाची रास मुलीपासून चौथी असेल तर दारिद्र्य, पण मुलीची रास मुलापासून चौथी असेल तर धनलाभ. सहावीच्या बाबतीत हेच संततीविषयी सांगितले जाते. दोघे पती-पत्नी तेच, राशी त्याच, पण मोजणी कोठून सुरू केली यावर ‘अडथळा’ आणि ‘अनुकूलता’ ठरते. म्हणूनच एखाद्याने ‘राशी जुळत नाही’ असे सांगितले की पहिला प्रश्न विचारावा तो हाच: कोणापासून मोजले?

चौकोनी कुंडलीवरून नक्षत्र पक्के करणे

आता भाचीच्या प्रकरणाकडे. तमिळमध्ये उत्तिरम म्हणजे उत्तरा फाल्गुनी, उत्तिराडम म्हणजे उत्तराषाढा आणि उत्तिरट्टादि म्हणजे उत्तरा भाद्रपदा. तिन्हींची सुरुवात सारखी असल्यामुळे ‘उत्तिर.’ या संक्षेपातून काहीच ठरत नाही. मराठीत नुसते ‘उत्तरा’ म्हटले की आपण फाल्गुनीकडे वळतो, हा आणखी एक सापळा.

चौकोनी कुंडलीत राशींच्या जागा ठरलेल्या असतात आणि लग्न त्यांत हलते, आपल्या कुंडलीच्या उलट. वरच्या डाव्या कोपऱ्यात मीन, तिच्या उजवीकडे मेष, आणि तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पुढच्या राशी. ‘राशी’ हा मधला शब्द जन्मरास सांगत नाही, ते फक्त कुंडलीचे नाव आहे. जन्मरास म्हणजे ज्या घरात चंद्र आहे ती. त्या झेरॉक्सवर चंद्राचे अक्षर वरच्या डाव्या कोपऱ्यात होते. उत्तराषाढेचा चंद्र धनू किंवा मकरेत असतो, उत्तरा फाल्गुनीचा सिंह किंवा कन्येत, मीनेत असतो तो उत्तरा भाद्रपदेचाच. खाली जन्मकालीन दशेची शिल्लक शनीची दिली होती. उत्तराषाढा असती तर ती रवीची असती. दोन्ही खुणा एकाच उत्तराकडे जात होत्या.

मग हिशेब पुन्हा केला. पुनर्वसू सातवे, उत्तरा भाद्रपदा सव्विसावे, बेरीज 33, म्हणजे वेध नाही. पुनर्वसू नाभिरज्जूत, उत्तरा भाद्रपदा कटिरज्जूत. राहिली रास. नातेवाईकांनी या वेळी मीनेपासून मोजले, मिथुन चौथी आली आणि त्यांनी पुन्हा मान हलवली. मुलीकडून मोजल्यावर मिथुन एक, कर्क दोन, असे करत मीन दहावी येते, आणि दहावी अनुकूल आहे.

भाचीचा पुनर्वसूचा चरण चौथा असता तर तिची रास कर्क झाली असती. तिथून मीन नववी, म्हणजे तमिळ पद्धतीने तेव्हाही अनुकूल, पण आपल्याकडे नवपंचम धरून सात गुण कापले गेले असते. एक चरण चंद्र साधारण सहा तासांत ओलांडतो, म्हणून दोन राशींत विभागलेल्या नक्षत्रांना जन्मवेळ नीट असावी लागते. वेधाला चरण लागत नाही, पण जन्म नक्षत्राच्या सीमेजवळचा असेल तर तमिळनाडूतले वाक्य पंचांग आणि तिरुक्कणित पंचांग वेगळी नक्षत्रे देऊ शकतात. अशा वेळी दोन्ही पत्रिका एकाच गणिताने पुन्हा मांडून घ्याव्यात. मुलाकडच्यांना मी दोन्ही मोजण्या एका कागदावर लिहून पाठवल्या आणि ‘उत्तिर.’ च्या जागी पूर्ण शब्द लिहिला.