मैत्रिणीच्या कंपनीला दिलेलं पहिलं ‘पक्कं’ बिल

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या गल्लोगल्ली आहेत. त्यातली एक छोटी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आणि तिच्या भावाची. मृगाच्या आधी पाकिटं छापून हवी होती, म्हणून त्यांच्या 18 पाकिटांचं डिझाईन मी एप्रिलमध्ये पूर्ण करून दिलं. बिल म्हणून तिला व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त रक्कम पाठवली आणि खाली लिहिलं, ‘सवडीनं दे गं.’

त्या एका शब्दात मी अडकले. जून संपत आला तरी पैसे नाहीत. विचारायची लाज वाटायची, रात्री झोप यायची नाही. शेवटी त्यांच्या हिशोबाच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘बाई, माझ्याकडं तुमचं बिलच नाही. नंबर नाही, तारीख नाही, मी कशावर पैसे सोडू?’

हे नीट समजून घ्या. मैत्रीण पैसे बुडवत नव्हती. तिच्या फोनमधला मेसेज तिच्यासाठी गप्पांचा भाग होता. काकांच्या यादीत जाते ती ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेली रक्कम. तारीख लिहिली नाही, तर तुमचा नंबर कायम शेवटचा. ‘ओळखीत पैशाचं बोलू नये’ असं सांगणारे वडीलधारे प्रेमानंच सांगतात, पण घरभाडं तुम्हालाच भरायचं असतं.

30 जूनला नवं बिल केलं. बिल क्रमांक 001. 18 पाकिटं, प्रत्येकी 1,200 प्रमाणे 21,600, मंजुरीनंतरचे 3 बदल, प्रत्येकी 800 प्रमाणे 2,400, एकूण 24,000. पॅन, खातं, आयएफएससी. खाली ठळक: ‘15 जुलैपर्यंत देय’. ईमेल काकांना, प्रत मैत्रिणीला. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यातली जीएसटीची ओळ मात्र खोडली. नोंदणी नसताना तो कर लावताच येत नाही. असे नमुने डोळे झाकून वापरू नका.

छोट्या व्यवसायांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, ती काम घेण्याआधीच करा. अशी नोंदणी असलेल्यांना, लेखी करार नसेल, तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावेत, लेखी मुदत ठरली असली तरी ती 45 दिवसांपेक्षा जास्त नसावी, असा कायदा आहे. मी मैत्रिणीला कायदा ऐकवला नाही, फक्त उद्यम क्रमांक बिलाच्या खाली लिहिला. पहिल्या बिलाला तेवढं पुरतं.

पाठवायचं बटण दाबताना हात कापत होता, तुमचाही कापेल. ती रागावेल असं वाटलं होतं. 14 जुलैला पैसे जमा झाले आणि संध्याकाळी तिचा फोन आला: ‘अगं, एप्रिलमध्येच असं दिलं असतंस तर काकांनी तेव्हाच सोडले असते. आता रब्बीची 6 पाकिटं आहेत, आधी दर लिहून पाठव.’