कमोडची दिशा बदलताय? या चुका टाळा

बाथरूम नवं करायचं ठरलं की पहिला प्रश्न टाइल्सचा येत नाही, दिशेचा येतो. कमोडवर बसणाऱ्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला हवं, पूर्व-पश्चिम नको. ईशान्येला आणि घराच्या मध्यभागी शौचालय नको, वायव्येला चालेल. वास्तूच्या बहुतेक सल्ल्यांचा सारांश एवढाच. मला त्यावर वाद घालायचा नाही. ज्याचं घर, त्याची श्रद्धा. पण कमोड नव्वद अंशात फिरवला की त्यामागचा मैला नेणारा ११० मिलिमीटरचा सोलपाईपही फिरतो, आणि पाईपला दिशा कळत नाही, फक्त ढाळ कळतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या दिशांना मनुस्मृतीचा आधार दिला जातो. तिच्या चौथ्या अध्यायात दिवसा उत्तरेकडे आणि रात्री दक्षिणेकडे तोंड करून शौचाला बसा असं म्हटलंय खरं, पण त्याच अध्यायात वाऱ्याकडे आणि सूर्याकडे बघत बसू नका, घरापासून दूर जा, असंही आहे. हे उघड्यावर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं आहे. तिथे पाईप नव्हता, पाईप उतरवायचा डक्ट नव्हता आणि खालच्या मजल्यावर कुणाचा स्वयंपाक चालू नव्हता.

पहिली चूक दिशा मोजतानाच होते. फोनमधला होकायंत्राचा काटा बाथरूममध्ये उभं राहून बघतात. शेजारी गीझर, खिडकीला लोखंडी गज, भिंतीत सळया. काटा सहज वीस-तीस अंश हलतो. घराबाहेर, मोकळ्या जागी, इमारतीच्या भिंतीला समांतर उभं राहून दोन-तीनदा मोजा आणि तीच दिशा नकाशावर उतरवा. आणि वास्तुसल्लागाराला स्पष्ट विचारा, की दिशा बसणाऱ्याच्या तोंडाची की टाकीची? उत्तर-दक्षिण अक्ष एवढंच सांगितलं असेल तर दोन पर्याय तुमच्या हातात असतात, आणि त्यातला एक बहुधा सोलपाईपच्या जवळचा निघतो.

खरा घोळ पुढे होतो. एका जुन्या फ्लॅटचं काम आलं होतं. बाथरूम पूर्व-पश्चिम २.४ मीटर, उत्तर-दक्षिण १.५ मीटर. डक्ट पश्चिमेच्या भिंतीपलीकडे. कमोड नैऋत्य कोपऱ्यात, पाठ पश्चिमेला, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला. घरच्या आजींना ते उत्तरेला हवं होतं. दार उत्तरेच्या भिंतीत, कमोडच्या कोपऱ्यासमोरच, आणि आत उघडणारं. तिथल्या तिथे कमोड फिरवला तर दार गुडघ्यांना लागणार, म्हणून आधीच्या ठेकेदाराने कमोड आग्नेय कोपऱ्यात नेण्याचा बेत केला होता. खाली सोडायचा एस-ट्रॅप, फरशीखालून पाईप, थेट पश्चिमेच्या डक्टपर्यंत.

कागदावर गणित केलं. आग्नेय कोपऱ्यापासून डक्टपर्यंत पाईप जवळपास २ मीटर. मैल्याच्या पाईपला चाळीसास एक ढाळ धरला, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटीमीटर, तर एकूण ५ सेंटीमीटर. पाईप स्वतः ११, त्यावर भराव आणि टाइल मिळून ५. झाले २१, तेही बेंडची उंची न धरता. आणि बाहेरच्या खोलीच्या फरशीपासून बाथरूमच्या स्लॅबपर्यंत खोली होती फक्त १५ सेंटीमीटर. म्हणजे बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा निदान ६ सेंटीमीटर वर आली असती. ती खरं तर एक-दोन सेंटीमीटर खाली असायला हवी. नहाणीचा ट्रॅप तुंबला की पाणी उंबऱ्यावरून सरळ बेडरूममध्ये.

अशा वेळी ठेकेदार दोनच गोष्टी करतात. एक तर फरशी उचलतात, नाही तर ढाळ खातात. दुसरी जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. दोन मीटरला दोनच सेंटीमीटर ढाळ दिला तर पहिले काही महिने सगळं ठीक वाटतं, मग मैला पाईपच्या मध्यावर बसायला लागतो आणि दर दोन महिन्यांनी बांबू घालणारा बोलवावा लागतो. स्लॅब फोडून खोली वाढवणं हा पर्यायच नाही.

आम्ही कोपरा तोच ठेवला आणि दार फिरवलं. ते बाहेर उघडणारं केलं. कमोड पी-ट्रॅपचा, म्हणजे मागून आडवा सोडणारा. त्याच्या तोंडाचा मध्य फरशीपासून १८ सेंटीमीटरवर. दक्षिणेच्या भिंतीला २० सेंटीमीटर जाडीचा बुटका कट्टा बांधला, पाईप त्यातून पश्चिमेकडे वळवला. डक्टपर्यंत अंतर जेमतेम ४५ सेंटीमीटर, ढाळ एक सेंटीमीटरहून थोडा जास्त, आणि स्लॅबला हात न लावता जुन्याच जोडाला पाईप मिळाला. कट्टा २०, कमोड ७०, पुढे उरले ६० सेंटीमीटर. त्याहून कमी उरलं असतं तर मी हे काम घेतलं नसतं. वळण देताना एकच काटकोनी एल्बो लावू देऊ नका; ४५ अंशांचे दोन बेंड लावायला सांगा आणि तोंड उघडता येईल असा एक भाग कट्ट्यात ठेवा. टाइलमागे गाडलेला जोड शेवटी हातोड्यानेच उघडतो.

काम झाल्यावर वास येतो, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिचं खापर नेमकं दिशेवर फुटतं. आधी नहाणीची जाळी काढा आणि आत टॉर्च मारा. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं हवं; तेच गटाराची हवा अडवतं. आता कुणाला तरी फ्लश करायला सांगा आणि पाण्याकडे बघत राहा. गुडगुड आवाज येऊन पाणी खाली ओढलं गेलं, तर आडवा पाईप लांब झालाय आणि त्याला हवा मिळत नाहीये. पाईपला हवेसाठी वेगळा व्हेंट पाईप जोडून तो डक्टमधून वर गच्चीपर्यंत नेणं हा त्यावरचा उपाय. पाणी ओढलं जात नाही, पण बाथरूम बरेच दिवस बंद होतं, तर ट्रॅप नुसता सुकलाय. एक तांब्या पाणी ओता, वास जाईल. दोन्ही नसेल तर कमोडच्या बुडाचा जोड तपासा.

आख्खं बाथरूमच वायव्येला हलवायचं असेल, तर आधी खालच्या मजल्यावर त्या जागी काय आहे ते बघून या. खाली कुणाचं स्वयंपाकघर किंवा झोपायची खोली असेल तर सोसायटी आणि पालिकेकडून परवानगी मिळणं अवघड, आणि गळती झाली की भांडण ठरलेलं. अशा वेळी जागा तीच ठेवून फक्त बसायची दिशा बदलणं बरं, आणि हे सल्लागारालाही सांगून बघा. बरेच जण ऐकतात.

नव्या जागी बाहेरची भिंत नसेल, तर खिडकीही नसते. मग एक्झॉस्ट लावतात आणि दार घट्ट बसवतात. आत हवा यायलाच वाट नाही, तर पंखा बाहेर काय फेकणार? तो नुसता फिरतो, आरशावर वाफ तशीच राहते आणि महिन्याभरात छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. दाराखाली दीड-दोन सेंटीमीटर फट ठेवा. पंखा चालू करून दार लावा आणि त्या फटीशी वर्तमानपत्राची पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर हवा फिरतेय. पट्टी जागची हलली नाही, तर पंख्याच्या पाईपचं बाहेरचं तोंड जाऊन बघा. एकदा मला तिथे पारव्याचं घरटं सापडलं होतं.