हजार पानांचं मणगणं: माप डावाचं, हिशेब टोपाचा

समाराधनेला हजार माणसं जेवणार म्हटलं की कोणीतरी सांगतंच, "डाळ वीस किलो घाला, उरलं तर उरलं." गोव्यात देवळाच्या पंगतीला मी बरीच वर्षं मणगणं, म्हणजे चण्याच्या डाळीची गुळाची खीर, करतोय. किलोंपासून सुरुवात करणाऱ्याचं एक तर उरतं, नाहीतर संपतं. सुरुवात डावापासून करायची.

वाढायला जो डाव वापरणार, तोच घ्या आणि लिटरच्या मापात सपाट डावाने पाणी ओता. दहा डावांत माप भरलं, तर हजार पानांना 100 लिटर लागेल. आठ डावांतच भरलं, तर 125. डाव बघून ही चूक कळत नाही. नैवेद्य आणि दुसऱ्यांदा मागणारे धरून 100 वर आणखी 10 लिटर करा.

110 लिटरला चण्याची डाळ 16 किलो, गूळ 16, साबुदाणा 3 आणि नारळ 80. एवढ्याला 75 लिटरचे दोन टोप लागतात. गूळ पडल्यावर फेस वर चढतो, म्हणून टोप काठोकाठ भरायचा नाही.

डाळ आदल्या रात्री भिजवा. बोटाने दाबली की चुरडेपर्यंत शिजवा आणि मगच गूळ घाला, कारण गुळात कच्ची डाळ कितीही उकळली तरी मऊ होत नाही. नारळाचा पातळ रस आणि भिजवलेला साबुदाणा त्यानंतर. जाड रस शेवटी, आच काढून. उकळला तर फाटतो.

माझी फजिती झाली ती वाढताना. एका वर्षी माप चोख होतं, तरी सातशेव्या पानाच्या आसपास टोपाचा तळ दिसला. मणगणं दोन तास उभं होतं. साबुदाणा पाणी ओढून घेतो, त्यामुळे ते आळलं होतं. पातळ पदार्थ डावात काठापर्यंतच राहतो, आळलेला वर ढीग करून येतो. शंभरच्या डावात सव्वाशे जात होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यातच एका वाढप्याने घरून आणलेला मोठा डाव घेतला होता.

तेव्हापासून मी खुणांची काठी ठेवतो. रिकाम्या टोपात पाच-पाच लिटर पाणी ओतत जायचं आणि प्रत्येक वेळी उभ्या धरलेल्या बांबूच्या काठीवर खूण करायची. टोप वेगळा असेल तर काठीही वेगळी. वाढायच्या आधी मणगणं किती आहे ते बघा. आटून कमी झालं असेल तर तापवलेलं पाणी किंवा राखून ठेवलेला पातळ रस घालून 110 वर आणा. दोनशे पानं झाली की दोन्ही टोप मिळून 20 ते 22 लिटर उतरलेले हवेत. 25 उतरले असतील तर डाव भरून येतोय. तिथेच वाढप थांबवा, थोडा गरम रस घालून सैल करा आणि वाढप्यांना डावाचा माथा टोपाच्या काठावर निपटून मगच पानात घालायला सांगा. ते कुरकुरतात, कुरकुरू द्या. पाचशे पानांपर्यंत थांबलात तर मात्र पाणी घालूनच पुरवावं लागेल, आणि ते पहिल्या घासाला कळतं.