पेस्ट कंट्रोल एजन्सीचं गूगल प्रोफाइल: हात लावण्यापूर्वीची तयारी

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल सुधारायला घेतलं की बहुतेक जण आधी फोटो चढवतात, कारण ते सोपं असतं. आधी बघायचं असतं ते लॉगिन. प्रोफाइलचा मालक म्हणून नेमका कुणाचा ईमेल आहे? बऱ्याच एजन्सींमध्ये ते खातं सोडून गेलेल्या एखाद्या मुलाच्या नावावर किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर निघतं. तसं असेल तर मालकी स्वतःकडे घ्यायची आणि कर्मचाऱ्याला फक्त मॅनेजर म्हणून ठेवायचं. बाकीची कामं त्यानंतर.

दुसरी तयारी व्हेरिफिकेशनची. नाव, पत्ता किंवा मुख्य कॅटेगरी बदलली की गूगल पुन्हा खात्री करून मागू शकतं, आणि हल्ली ती बहुधा व्हिडिओवर होते. एकाच सलग चित्रीकरणात तुम्ही कुठे आहात हे दिसावं लागतं (रस्त्याची पाटी, आजूबाजूच्या इमारती), मग व्यवसाय खरा आहे हे (फवारणीचे पंप, नाव लिहिलेली गाडी) आणि शेवटी तो तुम्हीच चालवता हे, म्हणजे कुलूप उघडून साहित्याच्या खोलीत शिरणं वगैरे. बँकेचे कागद किंवा माणसांचे चेहरे त्यात घ्यायचे नाहीत. गाडी कामावर असताना हे चित्रीकरण निघालं की पंचाईत होते, म्हणून मोठे बदल ज्या दिवशी करायचे त्या दिवशी गाडी आणि साहित्य जागेवर ठेवा.

नावाबाबत एकच. बिलावर आणि गाडीवर जे आहे तेच लिहायचं. नावापुढे ‘बेस्ट’, ‘झुरळ वाळवी ढेकूण’ आणि गावाचं नाव जोडणारे अनेक दिसतात, आणि त्यातले काही वरही दिसतात हे खरं आहे. पण ते नियमाविरुद्ध आहे. एखाद्या स्पर्धकाने कळवलं की नाव बदललं जातं, कधी पूर्ण प्रोफाइलच सस्पेंड होतं. मग फोन यायचे बंद, आणि अपील करत बसायचं.

आता कॅटेगरी. यात चुका सर्वाधिक होतात, म्हणून एक उदाहरण नीट पाहू. समजा एजन्सी झुरळ, वाळवी आणि ढेकूण यांची कामं करते, आणि मागणी आली तर रिकाम्या घराची साफसफाईही करून देते. मुख्य कॅटेगरी एकच निवडता येते, तिच्याशिवाय आणखी नऊपर्यंत. मालकाला वाटतं, नऊ जागा आहेत तर नऊही भराव्यात. तसं करू नका. मुख्य कॅटेगरी `Pest control service` हीच ठेवा, कारण व्यवसाय मुळात काय आहे ते ती सांगते. साफसफाई महिन्यातून दोन-चार वेळा खरोखर होत असेल, त्यासाठी माणसं वेगळी असतील, तरच `House cleaning service` दुय्यम म्हणून घ्या. नाहीतर साफसफाईसाठी फोन येतील, तुम्ही नाही म्हणाल, आणि त्यातला एखादा जण चिडून एक तारा देऊन जाईल.

झुरळ, वाळवी, ढेकूण यांना कॅटेगरीत शोधू नका. त्यांची जागा सर्व्हिसेसच्या विभागात आहे. तिथे एकेका कामाचं नाव आणि दोन ओळींचं वर्णन लिहिता येतं. ‘वाळवी: भिंतीच्या कडेने छिद्रं पाडून औषध, काम झाल्यावर छिद्रं बुजवून देतो’ असं लिहिलं की ग्राहकाचा पहिला प्रश्न फोनआधीच सुटतो. वर्णनाच्या मुख्य चौकटीत 750 अक्षरं मावतात. त्यात कोणत्या घरांत काय काम करता एवढंच साध्या वाक्यांत लिहा, लिंक आणि ऑफर टाकू नका. कामाच्या वेळा मात्र फोन उचलला जातो त्याच लिहा. रविवारी फोन बंद असताना ‘उघडे’ दाखवणं महागात पडतं.

सेवा क्षेत्राची तयारी संगणकासमोर बसून करू नका, जुनी बिलं घेऊन करा. गेल्या सहा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येकावरच्या भागाचं नाव एका कागदावर खुणेसकट मांडा. ज्या भागात तुमचा माणूस वरचेवर जातो तो यादीत घ्या. जिथे एकदाच, ओळखीमुळे गेला होता तो सोडा. गूगल 20 पर्यंत भाग भरू देतं आणि एकूण पसारा तुमच्या जागेपासून साधारण दोन तासांच्या गाडीप्रवासापलीकडे नसावा असं सांगतं. भाग नावाने किंवा पिनकोडने भरायचे असतात, किलोमीटरचा घेर आखून नव्हे.

इथे एक मोठा गैरसमज असतो. भागाचं नाव भरलं म्हणजे त्या भागातल्या शोधात आपण वर येऊ असं लोक धरून चालतात. स्थानिक निकालांत गूगल शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ओळख या तिन्ही गोष्टी बघतं, आणि सेवा क्षेत्र मोठं केल्याने तुमची जागा काही हलत नाही. एजन्सी शहराच्या उत्तर टोकाला असेल आणि दक्षिण टोकाला नाव भरलं असेल, तर तिथला ग्राहक त्याच्या जवळच्या एजन्सीलाच आधी बघेल. यादीचा उपयोग वेगळा: प्रोफाइल उघडणाऱ्याला ‘हे लोक माझ्याकडे येतात का’ हे कळतं. म्हणून बारा खरे भाग वीस ओढूनताणून भरलेल्या भागांपेक्षा बरे.

घरातूनच एजन्सी चालवत असाल आणि ग्राहक तिथे येत नसतील, तर पत्ता ग्राहकांना दाखवण्याचा पर्याय बंद करा. पत्ता गूगलकडे राहतो, लोकांना फक्त सेवा क्षेत्र दिसतं. एका शहरात दुसरं प्रोफाइल काढण्यासाठी भाड्याचा नुसता टपालपत्ता घेण्याचा मोह होतो. तिथे तुमची माणसं बसत नसतील तर ते प्रोफाइल टिकत नाही.

फोटो. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो चढवू नका. ते वाटेत दाबले जातात आणि धूसर दिसतात. कर्मचाऱ्याच्या फोनमधली मूळ फाइल मागवा. गूगल सुचवतं तसे 720 बाय 720 पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी, आणि पाच एमबीच्या आत. इंटरनेटवरून उचललेली झुरळांची चित्रं आणि भडक फिल्टर दोन्ही टाळा. एकदा ठरवून चार कामांवर जाऊन फोटो काढले तर सगळं मिळतं: युनिफॉर्म आणि ओळखपत्रासह दोन माणसं, उघडलेली साहित्याची पेटी, नाव लिहिलेली गाडी, आणि कामाचा जवळून घेतलेला एखादा क्षण. या शेवटच्यासाठी सिंकखालच्या कपाटाच्या बिजागरीजवळ जेल लावणारा हात घ्या. मुगाएवढा तो ठिपका दिसला की घर औषधाने माखणार नाही हे बघणाऱ्याला आपोआप कळतं, आणि हाच प्रश्न फोनवर सगळ्यात जास्त विचारला जातो. मेलेल्या झुरळांचा ढीग अनेकांना पुरावा वाटतो; मला तो कुणी जेवताना फोन उघडेल म्हणून नको वाटतो.

ग्राहकाच्या घरात फोटो काढण्याआधी विचारा. दारावरची पाटी, घर क्रमांक, देवघर, मुलं काही येऊ देऊ नका. कव्हर फोटो तुम्ही निवडला तरी गूगल तोच पुढे दाखवेल याची हमी नसते, तेव्हा प्रत्येक फोटो एकटाच दिसला तरी चालेल असा असू द्या. ग्राहकांनी टाकलेले फोटो तुम्हाला काढता येत नाहीत, नियमाबाहेरचे असतील तर कळवता येतात.

राहिले रिव्ह्यू. मागायचे तर सगळ्यांकडे मागा. खूश दिसला त्यालाच लिंक पाठवायची आणि कुरकुर करणाऱ्याला गाळायचं, हे नियमात बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही नाही, आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून लिहून घेणंही नाही. काम झाल्यावर बिलाबरोबर लिंक किंवा क्यूआर कोड द्या आणि ‘अनुभव लिहा’ एवढंच म्हणा, ‘पाच तारे द्या’ नको.

उत्तराची तयारी म्हणजे तयार वाक्यांचा साठा नव्हे. प्रत्येक रिव्ह्यूखाली तेच ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ दिसलं की वाचणारा पुढचं वाचत नाही. हवी ती जॉब शीट: कोण गेलं, कधी गेलं, काय केलं. समजा असा रिव्ह्यू आला: ‘सांगितलेल्या दिवशी आलेच नाहीत, दोन दिवसांनी आले. जेल लावलं, आठवड्याने झुरळं परत फिरतायत. पैसे वाया.’ तारा एक.

मालकाचं पहिलं उत्तर बहुधा असं येतं: ‘मॅडम, तुम्हाला आधीच सांगितलं होतं की फिनाइलने पुसू नका. तुमच्या बी विंगमधल्या फ्लॅटमध्ये आमचा माणूस दोन तास काम करत होता.’ यात दोन गोष्टी वाईट. ग्राहकावर जाहीर आरोप झाला, आणि तिचं घर कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. हे उत्तर लिहा हवं तर, पण पाठवू नका. तासभर थांबा, शीट बघा. उशीर खरोखर झाला होता का? झाला होता. झुरळं दिसणं शक्य आहे का? आहे. जेल हे आमिष असतं, खाल्ल्यावर झुरळ लगेच मरत नाही, आणि अंड्यांच्या कोषांतून नंतरही पिल्लं बाहेर पडतात. शिवाय कुणी त्यावर स्प्रे मारला तर झुरळं आमिषाकडे फिरकत नाहीत. म्हणजे एक तक्रार पूर्ण खरी आणि दुसरी तपासण्यासारखी.

मग उत्तर असं होतं: ‘नमस्कार. ठरलेल्या दिवशी आम्ही आलो नाही आणि वेळेत कळवलंही नाही, याबद्दल माफी मागतो. जेलनंतर काही दिवस झुरळं दिसू शकतात, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. तरीही आमचा माणूस येऊन एकदा तपासून जाईल, त्याचे पैसे लागणार नाहीत. सोयीची वेळ कृपया प्रोफाइलवरच्या नंबरवर कळवा.’ पत्ता नाही, बिलाची रक्कम नाही, ‘तुमच्यामुळे’ नाही. आणि मोफत तपासणी रिव्ह्यू बदलण्याच्या अटीवर नाही. बदलायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. स्प्रे मारला होता का, हे तिथे गेल्यावर विचारता येतं.

चांगल्या रिव्ह्यूला दोन ओळी पुरतात, पण त्यातली एक त्या कामाबद्दलची असू द्या.

तुमच्या नोंदीत मुळीच नसलेल्या माणसाचा रिव्ह्यू आला तर तो रिपोर्ट करा, पण केवळ मत पटलं नाही म्हणून गूगल तो काढत नाही. तोवर खाली शांतपणे लिहून ठेवा: ‘या नावाने आमच्याकडे काम झाल्याची नोंद सापडत नाही. काही गोंधळ असेल तर फोन करा, तपासून घेऊ.’ आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून वेळा, फोन नंबर आणि कॅटेगरी तुम्ही ठेवल्या तशाच आहेत का तेही बघा. बाहेरचे लोक बदल सुचवू शकतात, आणि गूगल कधीकधी ते तुम्हाला विचारायच्या आधीच लागू करून टाकतं.