चेहरा झाका, मग नाव शोधा : मुघल आणि दख्खनी तसबिरी ओळखताना

तसबीर समोर आली की पहिलं काम एकच करा. कागदाचा एक तुकडा घ्या आणि त्याने चित्रातल्या माणसाचं तोंड झाका. आता जे दिसतंय ते वहीत उतरवा. जामा, म्हणजे अंगावरचा लांब अंगरखा, कुठल्या बगलेखाली बांधलाय, हातात काय आहे, कमरेला काय खोचलंय, तलवार कुठल्या बाजूला लटकतेय, कानात काय आहे, डोक्यामागे प्रभावळ आहे का, आणि अक्षरं कुठे कुठे आहेत. हे झाल्यावरच कागद उचला. पोरखेळ वाटतो, पण एकदा का चेहरा बघून "अरे, हा तर जहांगीर!" असं मनात आलं, की पुढची प्रत्येक गोष्ट आपण त्याच नावाला चिकटवत जातो.

चेहऱ्यावर भरवसा का नाही? कारण बहुतेक चेहरे समोर माणूस बसवून काढलेले नाहीत. चित्रकारांच्या कारखान्यात चरबा असायचा, म्हणजे हरणाचं पातळ, आरपार दिसणारं कातडं. मूळ चित्रावर तो ठेवून रेषा उतरवायची, रेषेवर सुईने भोकं पाडायची, तो कोऱ्या कागदावर ठेवून वरून कोळशाची पूड झाडायची. आपल्याकडच्या रांगोळीच्या भोकांच्या कागदासारखंच. एका चरब्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तसबिरी निघत. त्यामुळे तुम्ही ओळखता तो पुष्कळदा माणूस नसतो, चरबा असतो.

हातातल्या वस्तूंबद्दल आधीच सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. फूल, बहिरी ससाणा, तलवारीची मूठ, सरपेच यांवरून दर्जा कळतो, नाव कळत नाही. गुलाब हुंगणारा तरुण शहजादा असेल, नाहीतर एखादा साधा मनसबदार. नाव सांगते ती चमत्कारिक वस्तू, दुसऱ्या कुणाच्या हातात सहसा न दिसणारी. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (राज्यकाळ १५८० ते १६२७) हे याचं उत्तम उदाहरण. ब्रिटिश म्युझियममधल्या त्याच्या तसबिरीत हातात करताल आहे, आपल्या चिपळ्यांची भावंडं म्हणा. इतर चित्रांत गळ्यात रुद्राक्षाची माळ दिसते, कधी हातात तंबूर असतो. सुलतानाच्या गळ्यात रुद्राक्ष हे सहज घडणारं नाही. हा राजा संगीताच्या नादी लागलेला, सरस्वतीला वंदन करणारी दख्खनी पदं रचणारा. तरीसुद्धा एकटी माळ पुरावा धरू नका. माळ, वाद्य आणि विजापुरी पोशाख असे तीन धागे एकत्र आले की नाव घ्या.

कानातला मोती वेगळ्या प्रकारे उपयोगी पडतो. आजारातून उठल्यावर ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींवरच्या श्रद्धेपोटी जहांगीरने १६१४ मध्ये कान टोचून घेतले आणि मोती घातले. दरबारातल्या अनेकांनी त्याचं अनुकरण केलं. म्हणून मोती "हा जहांगीर" असं म्हणत नाही, "हे चित्र बहुधा १६१४ नंतरचं" एवढंच म्हणतो. नवखे नेमकं उलटं करतात.

आता जाम्याकडे या. इथेच सगळ्यात जास्त लोक पडतात, म्हणून जरा रेंगाळतो. जाम्याचा एक पदर छातीवरून आडवा जातो आणि बगलेखाली बंदांनी बांधला जातो. अकबराच्या काळापासूनचा रूढ संकेत असा, की मुसलमान उजव्या बगलेखाली बांधत आणि हिंदू डाव्या. उजवी-डावी बाजू चित्रातल्या माणसाची धरायची, आपली नव्हे. पुस्तकात हा नियम एका ओळीत असतो. तो पाठ केला की वाटतं, किल्ली हातात आली. मग एखाद्या सरदाराचे बंद डावीकडे दिसतात आणि आपण ठसक्यात लिहून मोकळे होतो, "राजपूत सरदार".

पण चरबा पालथा घालता येतो. कातडं आरपार दिसतं, भोकं दोन्ही बाजूंनी सारखीच. चित्रकाराला माणूस दुसऱ्या दिशेला बघणारा हवा असला, समोरच्या पानावरच्या तसबिरीशी जोडी जमवायची असली, की चरबा उलटला आणि पूड झाडली. माणूस आरशातला झाला आणि बंद दुसऱ्या बगलेखाली गेले. कागदावर धर्म बदलला.

हे पकडायचं तलवारीवरून. तलवार उजव्या हाताने उपसायची, म्हणून ती डाव्या बाजूला लटकते. आता एक मुसलमान सरदार आपल्या उजवीकडे तोंड करून उभा आहे असं समजा. त्याचं उजवं अंग आपल्याकडे असतं, उजवा कान दिसतो, बंद आपल्या बाजूला दिसतात. तलवार मात्र पलीकडे असते, म्हणून अंगापुढे फक्त मूठ आणि मागे म्यानाचं टोक डोकावतं. हे चित्र उलटा. तो आता आपल्या डावीकडे बघतो, डावं अंग आपल्याकडे आलं, बंद डावीकडे, म्हणजे "हिंदू". पण तलवार अजूनही पलीकडेच आहे, म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला! खरोखर डावीकडे बघणारा माणूस असता, तर म्यान आपल्या बाजूला पूर्ण दिसलं असतं. तीच गोष्ट तिरंदाजाच्या अंगठ्यातल्या कड्याची. ते उजव्या अंगठ्यात असायला हवं, डाव्यात दिसलं तर कान टवकारा.

बंद, तलवार आणि अंगठ्यातलं कडं तिन्ही मिळून उलटे असतील तर चित्र उलटलेलं आहे. फक्त बंद "चुकीचे" आणि बाकी सगळं जागच्या जागी असेल, तर तो पोशाखाचाच पुरावा आहे, तो गंभीरपणे घ्या. तलवार हातात काठीसारखी टेकवून धरली असेल तर ही कसोटी लागू पडत नाही. आणि हुशार चित्रकार चरबा उलटल्यावर तलवार आणि बंद स्वतः दुरुस्त करायचा, तेव्हा काहीच खूण उरत नाही. अशा वेळी गप्प बसावं.

यात आजकालची आणखी एक भर पडली आहे. फोटोच उलटा छापलेला असतो. हे ओळखणं सोपं आहे. चरबा उलटला तरी अक्षरं उलटत नाहीत, ती नंतर हाताने लिहिलेली असतात. फोटो उलटला तर अक्षरंही आरशातली होतात. फारसी वाचता येत नसेल तरी ओळ उजवीकडून सुरू होते की डावीकडून, एवढं पाहता येतं. फोटोवरून फोटो शोधून सापडलेल्या नावावर माझा काडीचा विश्वास नाही. दहा ठिकाणी सापडलेलं एकच चुकीचं नाव दहा पुरावे होत नाही.

आता तसबिरीवर लिहिलेल्या लेखांचं पाहू. नस्तालीक अक्षर डोळ्यांना घाबरवतं, पण सुरुवातीला दोनच शब्द ओळखायला शिका. "शबीह" म्हणजे तसबीर, त्याच्यापुढचं नाव चित्रातल्या माणसाचं. "अमल" म्हणजे काम, त्याच्यापुढचं नाव चित्रकाराचं. "अमल-ए गोवर्धन" वाचून चित्रातला माणूस गोवर्धन ठरवू नका. गोवर्धन, मनोहर, बिशनदास, बालचंद हे चित्रकार होते. डाव्या बगलेचा पुरावा शोधणाऱ्याला हिंदू नाव दिसलं की हा घोटाळा हमखास होतो.

दुसरा प्रश्न, लेख कधीचा? मुघल बादशहांना मरणोत्तर बिरुदं असत. अकबर "अर्श-आशियानी", जहांगीर "जन्नत-मकानी", शाहजहान "फिर्दौस-आशियानी". तसबिरीवर "जन्नत-मकानी" लिहिलं असेल तर ती ओळ १६२७ नंतरची, जहांगीर गेल्यावरची, चित्र कितीही जुनं असो. लेख चित्रावरच आहे, हाशियावर, म्हणजे भोवतालच्या किनारीवर आहे की पाठीमागे, हेही लिहून ठेवा. हाशिया बदलला जातो, चित्रं एका मुरक्क्यातून, म्हणजे चित्रांच्या संग्रहवहीतून, दुसऱ्यात चिकटवली जातात. हाशियावरचं नाव शेजाऱ्याचंही असू शकतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सरपेच हातात धरलेल्या एका तरुणाची तसबीर आहे. लेखात नावच नाही! आशय असा, की ही माझी पंचविसाव्या वर्षातली चांगली तसबीर, नादिर-उज्‌-जमानचं काम. "माझी" म्हणजे कुणाची? आधी चित्रकार पकडा. नादिर-उज्‌-जमान हे अबुल हसनचं बिरुद. (मन्सूरचं नादिर-उल्‌-अस्र. ही जोडी उलटसुलट होते, सांभाळा.) अबुल हसनला हे बिरुद जहांगीरने दिल्याची नोंद १६१८ ची आहे. म्हणजे लिहिणारा जहांगीरच्या चित्रकाराशी जवळीक असलेला, राजघराण्यातला. त्या सुमारास पंचविशीतला कोण? जहांगीरचा मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, जन्म जानेवारी १५९२. पंचविसावं वर्ष धरलं तर चित्र १६१६ च्या आगेमागे येतं. आणि ओळ लिहिताना बिरुद आलंय, म्हणजे ती बहुधा चित्रानंतर लिहिली. हस्ताक्षर शाहजहानच्या इतर नोंदींशी जुळतं. सरपेचाने या सगळ्यात काय केलं? फारसं काही नाही, फक्त रत्नांचा शौकीन शहजादा या चित्राशी विसंगत ठरला नाही. खुर्रमला "शाहजहान" हा किताब १६१७ मध्ये मिळाला, तेव्हा १६१६ च्या चित्रावर "शाहजहान" असं नाव असतं तर ते नंतरचं ठरलं असतं. नुसत्या चेहऱ्याने यातलं काहीच सांगितलं नसतं.

हे सगळं कोरडं वाटत असेल तर घरचं उदाहरण आठवा. शिवाजी महाराज म्हणून महाराष्ट्रात एके काळी प्रचारात असलेलं चित्र इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं होतं, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी दाखवून दिलं. तोवर लोकांनी ते श्रद्धेने भिंतीवर लावलं होतं. गोवळकोंड्यात डचांसाठी तयार झालेल्या राजेरजवाड्यांच्या तसबिरींच्या संचांत, उदाहरणार्थ अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या विट्सन संग्रहात, महाराजांची तसबीर आहे. त्या १६८६ च्या सुमाराच्या संचात ४९ तसबिरी आहेत. अशा ठिकाणी एकटं पान बघू नका, अख्खा संच बघा. नावांचा क्रम एका घराने सरकला की पुढच्या सगळ्या तसबिरींना शेजाऱ्याचं नाव मिळतं.

एका नजरेत नाव सांगणारे जाणकार भेटतील. त्यांचं ऐका, पण "कशावरून?" असं विचारा, आणि उत्तर "डोळ्याला सवय झालीय" असं आलं तर वहीत नाव पेन्सिलीने लिहा. एखाद्या तसबिरीपुढे तासभर बसून काहीच हाती लागत नाही, असंही होतं. त्यात तुमची चूक नसते. कित्येक तसबिरींत नावापर्यंत पोचायला लागेल इतकं काही उरलेलंच नसतं. तेव्हा नोंदीत तेवढंच लिहा जेवढं हातात आहे. "जहांगीर" आणि "पाठीमागच्या, १६२७ नंतरच्या लेखानुसार जहांगीर, बंद उजवीकडे, तलवार डावीकडे, कानात मोती" या दोन नोंदींपैकी दुसरीवरूनच पुढच्या माणसाला तुमची चूक शोधता येते.